परीक्षा, बदलतं टाइमटेबल आणि गर्दीची जिम: वार सोड, क्रम धर

«सर, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर जिम करतोय. सहा दिवसांचं पुश-पुल-लेग्ज चालू आहे, पण प्रॅक्टिकल कधी दुपारी, कधी संध्याकाळी. आठवड्यात तीनच दिवस जमतं, कधी तेवढंही नाही. कॅम्पसच्या जिममध्ये एकच स्क्वाट रॅक आणि दोन बेंच, संध्याकाळी नंबरच लागत नाही. पाच आठवड्यांनी परीक्षा आहे. मागच्या परीक्षेत महिनाभर जिम बंद ठेवली आणि सगळं गेलं. पहाटे पाचला उठून जाऊ का? शेड्यूल नक्की कसं लावू?»

सहा दिवसांचा स्प्लिट आजपासून बंद कर. त्याच्या जागी पूर्ण शरीराचे दोन वर्कआउट घे, अ आणि ब. ते एकाआड एक करायचे आणि कोणता कुठल्या वारी हे ठरवायचंच नाही. मागच्या खेपेला अ झाला असेल तर पुढच्या खेपेला ब, मग मधे एक दिवस जावो की चार. आठवड्यात तीनदा जमलं तर उत्तम. दोनदाच जमलं तरी तुझ्या टप्प्यावर वजनं वाढत राहतात, फक्त थोडी सावकाश.

कारण साधं आहे. पुश-पुल-लेग्जमध्ये प्रत्येक भाग आठवड्यातून दोनदा येतो, पण सहाच्या सहा दिवस झाले तरच. तीनच दिवस झाले की प्रत्येक भाग एकदाच येतो, आणि त्यातला एक बुडाला की त्या भागाला त्या आठवड्यात काहीच मिळत नाही. तुझी नोंदवही असेल तर मागचे दोन महिने चाळून बघ. बहुतेक मुलांचं एकच चित्र दिसतं: चेस्ट भरपूर, लेग्ज तुरळक. आळस हे त्याचं खरं कारण नसतं. सोमवार आला की यादी पुन्हा पुशपासून सुरू होते आणि गेल्या आठवड्यातले राहिलेले लेग्ज तसेच मागे पडतात. पूर्ण शरीराच्या वर्कआउटमध्ये एक दिवस बुडाला तर सगळ्याच भागांचं थोडं थोडं नुकसान होतं आणि पुढच्या खेपेला ते भरून निघतं. स्नायूच्या वाढीसाठी आठवड्याभरात एकूण किती कसदार सेट झाले याला वजन आहे. तेवढेच सेट दोन दिवसांत केले की चार दिवसांत, याने फारसा फरक पडत नाही.

अ वर्कआउटमध्ये स्क्वाट, बेंच प्रेस आणि डंबेल रो, प्रत्येकी ३ सेट. शेवटी बायसेप कर्लचे २ सेट. ब मध्ये रोमानियन डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस आणि लॅट पुलडाउन, प्रत्येकी ३ सेट. शेवटी लंजचे २ सेट. म्हणजे एका खेपेला ११ सेट. मोठ्या व्यायामांत सेटमधे दोन-तीन मिनिटं विश्रांती धरली, तरी वॉर्मअपसकट ५० मिनिटांत काम होतं. रेप ६ ते १० मधे ठेव. तिन्ही सेटमध्ये १० पूर्ण झाले की पुढच्या खेपेला बारला एकूण अडीच किलो जास्त लाव आणि पुन्हा ६-७ वरून वर चढ. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबव, की अजून दोन रेप निघाले असते, तिसरा निघाला नसता. शेवटच्या एक-दोन रेपचा वेग आपोआप मंदावतो, ती खूण. बार सुरुवातीइतक्याच वेगाने वर जात असेल तर सेट हलका होता. बार वाटेत अडकून थरथरत असेल तर तू एक रेप जास्त मारलास.

लागोपाठ दोन दिवस आले तरी चालतं, कारण अ आणि ब चा ताण वेगळ्या जागी पडतो. सलग तीन दिवस मात्र नको. आणि पाच दिवस काहीच झालं नाही तर सहाव्या दिवशी जो क्रमाने येतो त्याचेच पहिले तीन व्यायाम, दोन-दोन सेट, अर्ध्या तासात करून टाक. बुडालेलं भरून काढायचं म्हणून एकाच दिवशी अ आणि ब दोन्ही कधीच नाही. तसं करणाऱ्यांचा ब निम्म्या जोराचा होतो आणि पुढचे तीन दिवस अंग दुखतं म्हणून जिम परत बुडते.

आता गर्दी. इथे बहुतेक जण शेड्यूल व्यायामाच्या नावाने लिहितात आणि फसतात. «स्क्वाट» असं लिहिलंस तर रॅक रिकामा होईपर्यंत तू मोबाइल बघत उभा. त्याऐवजी हालचाल लिही आणि तिच्यापुढे तीन पर्याय आधीच ठरवून ठेव. गुडघ्यातून बसण्याची हालचाल असेल तर पहिली पसंती बारबेल स्क्वाट, दुसरी लेग प्रेस, तिसरी दोन डंबेल घेऊन स्प्लिट स्क्वाट. छातीसमोर ढकलण्याची असेल तर बेंच प्रेस, नाहीतर डंबेल प्रेस, नाहीतर पाठीवर वजन ठेवून पुशअप. अंगाकडे ओढण्याला डंबेल रो, केबल रो, नाहीतर ताणायची रबरी पट्टी. कंबरेतून वाकण्याला बारबेल, नाहीतर दोन डंबेल, नाहीतर एका पायावरचं रोमानियन डेडलिफ्ट. डोक्यावर ढकलणं आणि वरून ओढणं यांचेही असेच तीन-तीन. तिसरा पर्याय नेहमी असा, ज्याला हातात मावेल तेवढं सामान आणि दोन पावलं जागा यापलीकडे काही लागत नाही.

नियम असा: पहिला पर्याय अडलेला दिसला की तिथल्या माणसाला विचार, «किती सेट राहिलेत?» एक म्हणाला तर थांब आणि तोवर वॉर्मअप कर. दोन-तीन म्हणाला तर «मधल्या वेळात मी मारू का?» असं विचार. वजनं जवळपास सारखी असतील तर ही आळीपाळी दोघांनाही सोयीची पडते, कारण त्याच्या विश्रांतीच्या वेळात तुझा सेट होतो. दर वेळी चार-चार प्लेट काढाव्या-चढवाव्या लागणार असतील तर आग्रह धरू नकोस, सरळ दुसऱ्या पर्यायावर जा. तीन मिनिटांपेक्षा जास्त वाट बघायची नाही. व्यायामांचा क्रमही पक्का ठेवू नकोस. आत शिरल्यावर रॅक आणि बेंच यांपैकी जे आधी रिकामं दिसेल तिथून सुरुवात, कारण पंधरा मिनिटांनी ते रिकामं असेलच असं नाही. डंबेल रो आणि कर्ल शेवटी राहिले तरी कुणी हिसकावून घेत नाही.

वेळ वाचवायला जोडसेटचा उपयोग होतो, म्हणजे ढकलण्याचा एक सेट, मिनिटभर थांबून ओढण्याचा एक, मग परत ढकलण्याचा. एक भाग काम करतो तेव्हा दुसरा विसावतो, त्यामुळे वजन फारसं उतरत नाही आणि दहा-बारा मिनिटं सहज वाचतात. पण गर्दीच्या वेळी हे एकाच जागी कर. डंबेल प्रेस आणि डंबेल रो, एकच बेंच, एक-दोन जोड्या. इकडे बेंच अडवून तिकडे केबलवर टॉवेल टाकून ठेवणारा कुणालाच आवडत नाही, आणि परत येईपर्यंत त्यातलं एक गेलेलंच असतं.

पर्याय बदलला की एक घोटाळा हमखास होतो आणि तो नोंदीत होतो. समज, तू ७० किलोने स्क्वाट ८, ८, ७ मारतोस. गुरुवारी रॅक मिळाला नाही, तू दोन्ही हातांत १६-१६ किलो घेऊन स्प्लिट स्क्वाट केलास, दर पायाला १०, १०, ९. पुढच्या आठवड्यात रॅक मिळाला आणि बार जड वाटला. तुला वाटतं ताकद गेली. ताकद कुठेही गेलेली नसते, त्या विशिष्ट हालचालीची सवय थोडी सुटलेली असते आणि दोन खेपांत ती परत येते. म्हणून प्रत्येक पर्यायाला वहीत स्वतःचं पान दे. स्प्लिट स्क्वाटची तुलना फक्त मागच्या स्प्लिट स्क्वाटशी करायची. १६ वर १०, १०, १० झाले की १८. बारशी त्याचं नातं जोडायला जाऊ नकोस. हलक्या डंबेलवर रेप १५-२० पर्यंत गेले तरी स्नायूच्या दृष्टीने बिघडत नाही, फक्त सेट थकव्याच्या जवळ जायला हवा. एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं, ती ताकद मात्र जड बारनेच टिकते, म्हणून दोन आठवड्यांतून एकदा तरी रॅक मिळेल अशी वेळ गाठ.

ती वेळ पहाटे पाचचीच असायला हवी असं नाही. रात्री दहाच्या आत झोपत असशील आणि ते रोज जमत असेल तर खुशाल जा. रात्री एकला झोपून पाचला उठणार असशील, तर चार तासांच्या झोपेवर जिम आणि अभ्यास दोन्ही कच्चे. कॅम्पसच्या जिममध्ये गर्दी सहसा लेक्चर सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत असते, त्यातही सोमवार वाईट, कारण सगळ्यांचा चेस्ट त्याच दिवशी असतो. दोन लेक्चरमधला तासाभराचा रिकामा वेळ आणि जिम बंद होण्याआधीचा शेवटचा तास या दोन जागा मुलं वाया घालवतात. टाइमटेबल हातात घे आणि आठवड्यातल्या अशा पाच-सहा जागांवर खूण कर. त्यातल्या कुठल्याही तीन लागल्या की झालं. रात्री उशिरा व्यायाम केल्याने झोप उडतेच असं नाही. संपल्यानंतर तास-दीड तास मिळाला तर बहुतेकांना काही होत नाही. झोप खरी उडवते ती प्री-वर्कआउट पावडर. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या डोसचा अर्धा भाग दोन वाजता तुझ्याबरोबर जागाच असतो. संध्याकाळी पाचनंतर ते बंद.

पुढचे पाच आठवडे प्रत्यक्षात कसे जातील ते बघू. पहिल्या आठवड्यात सोमवारी दोन लेक्चरमधल्या तासात अ झाला. बुधवारी प्रॅक्टिकल लांबलं, गेलं. गुरुवारी रात्री ब, रॅक न मिळाल्यास डंबेलवर. शनिवारी सकाळी अ. दुसरा आठवडा ब पासून सुरू होतो, कारण क्रमाने तोच येतो. मंगळवारी ब, शुक्रवारी अ, सबमिशनमुळे तिसरी खेप झालीच नाही. तिसरा आठवडा परत ब पासून. पहिल्या तीन आठवड्यांत अशा आठ खेपा झाल्या तरी मी तुला पैकीच्या पैकी देईन. या काळात नवा व्यायाम शिकायचा असेल तर शिकून घे, चौथ्या आठवड्यापासून काहीही नवीन करायचं नाही.

चौथ्या आठवड्यात अभ्यासाचे तास वाढतात. तेव्हा प्रत्येक व्यायामाचा एक सेट कमी कर आणि शेवटचे कर्ल-लंज सोडून दे. वजन तेच ठेव. इथे बरेच जण उलटं करतात. परीक्षा आहे म्हणून «हलकं हलकं» करू म्हणतात, वजन निम्म्यावर आणतात आणि सेट तेवढेच ठेवतात. वेळ तेवढाच जातो आणि ताकद मात्र उतरते. टिकवून ठेवायला जोर लागतो, सेटचा आकडा लागत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्क अशा दोन गटांकडून १६ आठवडे, आठवड्यात तीनदा पायांचे व्यायाम करून घेतले आणि मग पुढचे ३२ आठवडे काहींचं काम एक-तृतीयांशावर, काहींचं तर एक-नवमांशावर आणलं. एक-नवमांश म्हणजे आठवड्यात एकदा, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट. २० ते ३५ वयाच्या गटात तेवढ्यावरही कमावलेला स्नायू टिकला. हे फक्त पायांच्या व्यायामांवर आणि नव्याने सुरुवात केलेल्यांवर पाहिलं होतं, म्हणून मी एक-नवमांशावर भिस्त ठेवत नाही. एक-तृतीयांशावर मात्र नि:शंकपणे ठेवतो.

तुझे नेहमीचे आठवड्याचे ३३ सेट आहेत, त्याचा तिसरा हिस्सा ११. म्हणून पाचव्या आठवड्यात आणि परीक्षा चालू असताना आठवड्यात दोन खेपा, एकदा अ, एकदा ब, प्रत्येकी पहिले तीन व्यायाम, दोन-दोन सेट. १२ सेट झाले. एका खेपेला २५ ते ३० मिनिटं लागतात. या दिवसांत तीन रेप शिल्लक ठेवून थांबायचं आणि वजन वाढवायचा प्रयत्न करायचा नाही. ७० चे ७०.

कधी जायचं? पेपरच्या आदल्या संध्याकाळी नाही, पेपर संपल्यावर. समज, पेपर सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि पुढच्या मंगळवारी आहेत. सोमवारचा पेपर दुपारी सुटला की घरी किंवा होस्टेलवर न जाता थेट जिम, अर्धा तास, मग खाऊन थोडी झोप. तसंही पेपरनंतरचे दोन तास कुणाचा अभ्यास होत नाही, आणि परीक्षेच्या दिवसांत दुपारी जिम बऱ्यापैकी मोकळी असते. दुसरी खेप शुक्रवारी. बुधवारी काही नाही. शुक्रवारनंतर मंगळवारचा पेपर येईपर्यंत मधे तीन मोकळे दिवस राहतात, अंग दुखलंच तर तोवर उतरतं. हे अंगदुखीचं गणित फार कमी जण करतात. व्यायामानंतरचं दुखणं त्याच दिवशी नसतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. सोमवारी नवीन लंज मारून बुधवारी तीन तास लाकडी बाकावर बसलेला मुलगा दर पाच मिनिटांनी मांडी बदलत असतो. म्हणून म्हटलं, त्या दिवसांत नवीन व्यायाम नको, सवयीचेच.

झोप कमी झालेल्या दिवशी काय करायचं हे जिममध्ये ठरव, अंथरुणात नाही. शेवटचा वॉर्मअप सेट ही तुझी परीक्षा. ७० चं काम असेल तर ६० किलोचे ३ रेप मार. नेहमीसारखे सुळकन गेले तर ठरलेलं काम कर. ६० च जड आणि संथ वाटले तर त्या दिवशी ६५ लाव आणि सेट एकच ठेव. रात्री पाच तासांपेक्षा कमी झोपला असशील तर स्क्वाट आणि रोमानियन डेडलिफ्ट बारवर करूच नकोस, डंबेल घे. थकल्यावर लक्ष उडतं आणि कंबर गोल होते, तुला ते कळतही नाही. अभ्यासाचा ताण शरीर वेगळ्या खात्यात मांडत नाही. ज्या विद्यार्थ्यांवर ताण जास्त, त्यांची ताकद व्यायामानंतर सावकाश भरून येते, हे विद्यार्थ्यांवरच केलेल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंना परीक्षेच्या आठवड्यांत दुखापती जास्त झालेल्या आढळल्या. ताप, अंग मोडून येणं, छातीत कफ असेल तर ती खेप सोडून दे. क्रम आहे तिथेच थांबतो आणि बरं वाटल्यावर तिथूनच पुढे सुरू होतो.

मागच्या वेळी «सगळं गेलं» म्हणतोस, त्यातलं किती खरंच गेलं होतं याची मला शंका आहे. महिनाभर पूर्ण बंद ठेवल्यावर स्नायूतला ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचं पाणी उतरतं, माणूस आरशात बारीक दिसतो आणि पहिल्या दिवशी बार परका वाटतो. खरा स्नायू इतक्या लवकर फारसा जात नाही आणि गेलेला परत यायला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागतो. घात होतो तो परतल्यावर. शेवटचा पेपर संपतो, उत्साहाच्या भरात मुलगा त्याच संध्याकाळी जुन्या वजनाचे पाच-पाच सेट मारतो आणि आठवडाभर जिना उतरताना कठडा धरतो.

या वेळी तू आठवड्यात दोन खेपा ठेवल्या असशील तर परतणं सोपं आहे. पहिल्या आठवड्यात तेच वजन, दोन-दोन सेट, आठवड्यात तीन खेपा. दुसऱ्या आठवड्यात तिसरा सेट परत आण, कर्ल आणि लंजही आण. तिसऱ्यापासून वजन वाढवायला सुरुवात. काही कारणाने दोन आठवडे किंवा जास्त पूर्ण बंद पडलंच, तर पहिल्या दोन खेपा जुन्या वजनाच्या ८० टक्क्यांवर कर, म्हणजे ७० ऐवजी ५५, दोनच सेट, आणि तीन-चार रेप हातचे ठेवून. तिसऱ्या खेपेला ९० टक्के, म्हणजे ६२.५, आणि चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत बहुतेक जण जुन्या आकड्यावर येतात. सुट्टीत गर्दी नसेल आणि चार दिवस पक्के मिळत असतील तर तेव्हा वरचं अंग-खालचं अंग असा चार दिवसांचा स्प्लिट घ्यायला हरकत नाही. लेक्चर सुरू झाली की परत अ आणि ब.